इडलीचं पीठ: नागपूरच्या उन्हाळ्यात मिक्सर पुरतो का, की वेट ग्राइंडर घ्यावाच लागतो?

मोगरा_त्रिमूर्तीनगर

नमस्कार मंडळी. सासूबाई-सासरे धरून घरात आम्ही चौघं, आणि रविवारी सकाळी इडली म्हणजे इडली, त्यात बदल नाही. माझ्याकडे ७५० वॅटचा मिक्सर आहे, पातं बदलून फार दिवस नाही झाले. प्रमाण तीन वाट्या उकडा तांदूळ, एक वाटी उडीद गोटा आणि अर्धा चमचा मेथी. पावसाळ्यात इडल्या चांगल्या होतात, पण एप्रिल लागला की तेच प्रमाण तेच भिजवणं आणि तरी इडली चपटी, बोटानं दाबली तर तशीच दबलेली राहते, आणि पीठ मात्र आंबटढाण. फुगतं तेही अर्धवट, कधीकधी रात्री फुगलेलं दिसतं आणि सकाळी उठून बघावं तर बसलेलं. शेजारच्या काकू वेट ग्राइंडरवर वाटतात आणि त्यांची इडली ह्याच उन्हात मऊसूत होते, तांदूळ आणि डाळ आम्ही दोघी गोकुळपेठेतल्या एकाच दुकानातून आणतो.

घरचे सगळे म्हणून राहिले की घेऊन टाक एकदाचा ग्राइंडर. पण ओट्यावर जागा नाही, वजन बघितलं तर मला एकटीला उचलवणार नाही, आणि वापर आठवड्यातून एकदा. म्हणून विचारते की फरक खरंच मशीनचा आहे का, की मिक्सरमध्येच काही वेगळं करता येईल? डोशाची तक्रार नाही, डोसे छान होतात.

वऱ्हाडी_ठेचा

ताई सरळ आहे, मिक्सरचं पातं जोरात फिरते त्यामुळं पीठ गरम होते आणि पीठ फुगवणारे जे जंतू असतात ते मरून जातात, मंग फुगणार कसं? १००० वॅटचा मिक्सर घ्या म्हणजे लवकर वाटून होईल आणि गरम व्हायला वेळच भेटणार नाही. नाहीतर ग्राइंडर घ्या, विषय संपला.

इडलीवाली_मनीषनगर

ठेचाभाऊ, गरम होण्याचं तुमचं बरोबर आहे पण जंतू मेले असते तर पीठ आंबट झालंच नसतं ना. ताईंचं पीठ आंबटढाण होतंय म्हणजे जंतू उलट जरा जास्तच जोमात आहेत. आंबट होणं आणि फुगणं ह्या दोन गोष्टी वेगळ्या धरा. जंतू गॅस करतात तो गॅस धरून ठेवायचं काम उडदाच्या डाळीचं आहे. डाळ नीट वाटली गेली की तिचा चिकटपणा सुटतो, त्यात वाटतानाच हवा भरली जाते आणि मग आंबवताना झालेला गॅसही तिथेच अडकून बसतो. डाळ पातळ झाली किंवा तिच्यात हवा गेलीच नाही तर जंतूंनी कितीही गॅस केला तरी तो वर येऊन निघून जातो, पीठ थोडं फुगतं आणि बसतं. ताई सांगून राहिल्या ते अगदी हेच आहे.

मी घरून पीठ करून देते, रोज ग्राइंडरवर वाटते, पण सुरुवात मिक्सरवरच केली होती, म्हणून दोन्हीकडचं सांगू शकते. तांदळाच्या बाबतीत मिक्सर आणि ग्राइंडरमध्ये इडलीपुरता फारसा फरक नाही. इडलीचा तांदूळ बारीक रव्यासारखा राहिला पाहिजे, बोटाच्या चिमटीत धरला तर कण लागला पाहिजे, आणि तो मिक्सरमध्ये आरामात जमतो. ग्राइंडरमध्ये तर लक्ष नाही ठेवलं तर तांदूळ गंध होऊन जातो आणि मग इडली चिकट होते, दाताला लागते. सगळा फरक डाळीचा आहे.

मोगराताई, तीन गोष्टी सांगा. डाळ वाटताना पाणी कोणतं घेता, किती घेता, आणि मिक्सर सलग किती वेळ चालवता?

मोगरा_त्रिमूर्तीनगर

पाणी नळाचंच घेते. एक वाटी डाळीला साधारण दीड-पावणेदोन वाटी जातं, कमी घातलं तर पातं नुसतं मधे फिरतं आणि डाळ कडेला चिकटून बसते म्हणून थोडं थोडं करत तितकं होतं. सगळी डाळ एकदमच मोठ्या भांड्यात टाकते आणि गुळगुळीत होईपर्यंत चालवते, पाचसहा मिनिटं लागत असतील. हाताला पीठ कोमट लागतं हे खरं आहे.

इडलीवाली_मनीषनगर

नळाचं म्हणजे गच्चीवरच्या टाकीतलं ना? मग अर्धं उत्तर तिथेच आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि काळ्या टाकीतलं पाणी संध्याकाळीसुद्धा हाताला चटका देतं. म्हणजे डाळ भिजली गरम पाण्यात, वाटली गरम पाण्यात, वरून मिक्सरनं ती आणखी तापवली, आणि मग ते पीठ ठेवलं आपल्या स्वयंपाकघरात जिथे रात्री बारालाही गरमच असतं. त्याला आंबायला रात्रभर लागतच नाही, चारपाच तासात काम होतं आणि बाकीची रात्र ते फक्त आंबट होत बसतं. त्यात डाळ पातळ, मग सकाळपर्यंत ते बसणारच.

शेजारच्या काकूंच्या ग्राइंडरमध्ये काय होतं बघा. दगड डाळ रगडतात, भांडं हळू फिरतं, वरून उघडं असतं, डाळ सारखी खालून वर उलटत राहते आणि प्रत्येक वेळी थोडी हवा आत घेते. पातं फिरवायला पाणी लागतं तसं इथे लागत नाही. गंमत म्हणजे ग्राइंडरमधली डाळ शेवटी मिक्सरपेक्षा जास्त पाणी पिते, पण ते अर्धा तासात चमच्या-चमच्यानं शिंपडत दिलेलं असतं त्यामुळे पीठ घट्टच राहतं. एक वाटी कोरडी डाळ माझ्याकडे ग्राइंडरमधून सहासात वाट्या होऊन निघते. मिक्सरमध्ये चांगली वाटली तर चारएक वाट्या. तुम्ही या वेळी मोजून बघा, तीनच्या आसपास भरली तर समजा की हवा गेलीच नाही, नुसती डाळ आणि पाणी आहे.

आता मिक्सरमध्ये काय करायचं ते. डाळ तीन-चार तासच भिजवायची आणि ती फ्रिजमध्ये भिजवायची. तांदूळ वेगळा, तो पाचसहा तास. वाटताना डाळ पूर्ण निथळून घ्या, भांडं अर्ध्याच्या वर भरू नका, म्हणजे एक वाटीची डाळ दोनदा वाटायची. प्रत्येक वेळी सुरुवातीला फ्रिजमधलं अगदी गार पाणी तीन-चार चमचे, अर्धं मिनिट फिरवायचं, थांबायचं, कडेची डाळ चमच्यानं खाली आणायची, परत एक-दोन चमचे, परत फिरवायचं. ही खाली आणायची खटपट केली नाही की माणूस पाणी वाढवतो आणि तिथेच बिघडतं. एकूण पाणी सव्वा वाटीच्या वर जाऊ देऊ नका. मग पीठ पातेल्यात काढून दहीवड्याला फेटतो तसं हातानं दोनतीन मिनिटं एकाच दिशेनं फेटा, मिक्सरमध्ये जी हवा गेली नाही ती इथे जाते.

झालं की नाही ते बघायला वाटीत पाणी घ्या आणि पिठाचा एक थेंब सोडा. तरंगला तर डाळ तयार, बुडाला तर अजून फेटा.

जुनी_धरमपेठ

आमच्या घरी भरड्याचे वडे होतात कुळधर्माला, चण्याची डाळ तूर डाळ थोडी उडदाची अशी मिसळ करून जाडसर दळून आणतो. मुलगा ग्राइंडर घ्यायचं म्हणतो आहे तर हा भरडा त्या वेट ग्राइंडरमध्ये होईल का? गिरणीवाला आजकाल थोडं धान्य असलं की घेत नाही.

इडलीवाली_मनीषनगर

काकू तो ओल्या वाटणाचाच आहे, कोरडं धान्य त्यात टाकू नका, दगडाखाली नुसतं उडत राहतं आणि पट्ट्यावर ताण येतो. तुमच्या भरड्याला मिक्सरचं कोरडं भांडंच बरं, थोडं थोडं घेऊन बटण सोडत-दाबत फिरवा आणि चाळून घ्या.

वाइंडिंग_इतवारी

मी मोटारी भरतो, मिक्सर ग्राइंडर दोन्ही येतात दुकानात. पिठाचं काही मी सांगणार नाही ते ताईंना जास्त समजतं, मशीनचं सांगतो. घरचा मिक्सर सलग चालायला बनवलेलाच नसतो, बहुतेकांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की इतकी मिनिटं चालवा मग बंद ठेवा, आणि ते पुस्तक कोणी वाचत नाही. इडलीचं वाटण घट्ट असतं, त्यात पातं अडतं, मोटार जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग तापतं. खाली लाल बटण असतं ते उडालं की समजायचं मशीन थांब म्हणून राहिलं आहे, लोक ते लगेच दाबून परत सुरू करतात आणि तीनचारदा असं झालं की वाइंडिंगचा वार्निश जळतो, वास येतो, मग मिक्सर माझ्याकडे येतो. उन्हाळ्यात असे जास्त येतात कारण खोलीच गरम असते, मोटार थंड व्हायला वेळ लागते.

ठेचाभाऊंचा १००० वॅटचा सल्ला मला पटला नाही. वॅट वाढले म्हणजे मोटार अडत नाही हे खरं, पण ती ताकद शेवटी पिठातच जाते ना, पीठ उलट जास्त लवकर तापेल. ताईंनी सांगितलं तसं थांबत थांबत चालवणं हे पिठालाही बरं आणि मशीनलाही.

वऱ्हाडी_ठेचा

हाव भाऊ ते समजलं. पण मग ग्राइंडरचं बिल? अर्धा-पाऊण तास मोटार चालणार म्हणजे मीटर फिरणारच की.

वाइंडिंग_इतवारी

घरगुती दोन लिटरच्या ग्राइंडरची मोटार १५० वॅटच्या आसपास असते. पाऊण तास चालली तर युनिटचा आठवा-नववा हिस्सा. ७५० वॅटचा मिक्सर मोजून पंधरा मिनिटं पूर्ण ताकदीनं चालला तर जवळपास पाव युनिटच्या आत. म्हणजे दोन्ही सारखंच धरा, बिलासाठी डोकं नका लावू. तुमचा कूलर एका रात्रीत त्याच्या कितीतरी पट घेतो.

अजनी_रेल्वेकॉलनी

मी तेलुगू आहे, वडील रेल्वेत होते, नागपुरातच वाढलो. आमच्या घरी इडलीला तांदूळ वाटतच नाहीत, इडली रवा मिळतो ना तोच वापरतात, एक वाटी उडीद गोटा आणि दोन ते अडीच वाट्या रवा. रवा धुऊन भिजवायचा, हातानं घट्ट पिळून वाटलेल्या डाळीत मिसळायचा. म्हणजे मशीनवर फक्त डाळ जाते. आईकडे ग्राइंडर आहे, माझ्या बायकोकडे मिक्सर, पण रव्यामुळे मिक्सरचं काम एकदम अर्ध्यावर येतं आणि कण कसा आला हे बघायची गरज नाही. इतवारीत किराणा ओळीत सहज मिळतो. मोगराताईंनी हे करून बघावं, जागेचा प्रश्नच येत नाही.

एक मात्र आहे, रव्याची इडली आणि तांदळाची इडली ह्यात आम्हाला फरक लागतो. रव्याची थोडी मोकळी, दाणेदार होते. आमच्या आईला तीच आवडते, ज्यांना तमिळ पद्धतीची अगदी मऊ लागते त्यांना कमी आवडेल.

कूलर_आणि_कढीपत्ता

माझ्याकडे स्वयंपाकाचा थर्मामीटर आहे, केकसाठी घेतलेला, म्हणून हा धागा वाचून मी खरंच मोजलं. अर्धी डाळ टाकीच्या पाण्यात भिजवून त्याच पाण्यानं सलग वाटली, अर्धी फ्रिजमध्ये भिजवून बर्फाच्या पाण्यानं थांबत थांबत वाटली. पहिली वाटून झाली तेव्हा ५० च्या जरा वर, दुसरी ३० च्या खाली. पहिल्या पिठात बोट बुडवलं तर सरळ गरम लागत होतं. पाण्यातल्या थेंबाचं म्हणाल तर पहिलीचा तळाशी गेला आणि दुसरीचा वर राहिला, तोही फेटल्यावर, फेटायच्या आधी मधेच लटकत होता.

नंतर वहिनीच्या ग्राइंडरमधलं पण मोजलं कारण उत्सुकता होती. तिनं टाकीचंच पाणी घातलं होतं आणि अर्ध्या तासानं पीठ ४० च्या जवळ. म्हणजे ग्राइंडर थंड ठेवतो असं जे म्हणतात ते पूर्ण खरं नाही, दगड आणि भांडंच मुळात खोलीइतकं गरम असतं. पण तरीही थेंब तरंगला, आणि पीठ कितीतरी हलकं होतं. त्यामुळे मला वाटतं की गरमी हे एकच कारण नाही, रगडण्याचा पण भाग आहेच.

इडलीवाली_मनीषनगर

फार चांगलं केलंत मोजून, हे आकडे मी कधी घेतले नव्हते. गरमी आणि हवा दोन्ही आहेत हेच मी म्हणत होते, तुमच्या वहिनींच्या पिठात हवा आहे म्हणून ते फुगेल, पण ४० वरून सुरुवात झाली म्हणजे ते लवकर आंबणार, तेव्हा त्यांना सांगा की रात्रभर बाहेर ठेवू नका. मीसुद्धा मे-जूनमध्ये ग्राइंडरमध्ये बर्फाचंच पाणी शिंपडते, आणि दगड-भांडं आधी गार पाणी घालून दोन मिनिटं फिरवून ते पाणी काढून टाकते.

आणि ग्राइंडरमध्ये डाळ किती वेळ चालवायची ह्याचंही सांगते कारण नवीन लोक तिथे चुकतात. पंचवीस ते पस्तीस मिनिटं पुरे. झाली की डाळ भांड्याच्या कडेला चढते, बुडबुडे फुटल्याचा बारीक आवाज येतो, हात बुडवला तर पीठ हाताला लपेटतं पण ओघळत नाही. त्याच्या पुढे चालवत राहिलात तर पीठ तापतं आणि फुगलेलं परत खाली यायला लागतं.

पाऊसपाणी_महाल

मिठाचं कोणी बोललंच नाही. आमच्याकडे वाटतानाच मीठ घालतात आणि आई म्हणते उन्हाळ्यात मिठामुळे पीठ पटकन आंबट होत नाही. माझी मैत्रीण म्हणते मीठ सकाळीच घालायचं नाहीतर फुगतच नाही. नक्की काय?

इडलीवाली_मनीषनगर

मिठानं आंबण्याचा वेग थोडा कमी होतो, म्हणून उन्हाळ्यात मी रात्रीच घालते आणि हिवाळ्यात सकाळी.

अजनी_रेल्वेकॉलनी

आमच्याकडे बाराही महिने मीठ सकाळी. आणि हिवाळ्यातही फुगतं. आईचं म्हणणं की सकाळी मीठ मिसळताना पीठ जास्त ढवळलं जातं आणि हवा जाते म्हणून रात्री घालणं बरं असं काही लोक म्हणतात, पण तिला स्वतःला ते पटत नाही, ती अगदी हलक्या हातानं दोन वेळा फिरवते बस.

पाऊसपाणी_महाल

म्हणजे दोन घरं दोन पद्धती. दोन्ही करून बघते.

मोगरा_त्रिमूर्तीनगर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, करून बघितलं म्हणून सविस्तर लिहिते आहे. डाळ दुपारी फ्रिजमध्ये भिजवली. रात्री नऊला वाटायला घेतली, दोन भाग करून, बर्फाचं पाणी, प्रत्येक वेळी कडेची डाळ खाली आणत. पाणी एकूण वाटीभराच्या थोडं वर गेलं. मधे मिक्सर थांबवला तेव्हा तांदूळ निथळायला ठेवला त्यामुळे वेळ वाया गेल्यासारखं वाटलं नाही. फेटून झाल्यावर मोजलं, चार वाट्यांच्या जरा खाली भरलं, थेंब तरंगला. तांदूळ मात्र तीनच्या ऐवजी मी अडीच वाट्याच घेतला कारण डाळ ग्राइंडरइतकी फुगणार नाही हे तुमच्या आकड्यांवरूनच कळलं होतं, हे बरोबर केलं का ते सांगा.

पीठ एकत्र करून झाकून ठेवलं तेव्हा साडेदहा झाले होते. पातेलं कूलरच्या समोर नाही पण त्या खोलीत ठेवलं आणि पहाटे साडेचारला गजर लावून उठले. पीठ वर आलं होतं, मधे थोडा उंचवटा, चमचा घातला तर आत जाळी. तसंच उचलून फ्रिजमध्ये ठेवलं, आठला इडल्या लावल्या. उंच आल्या, दाबल्यावर परत वर आल्या, आंबट अजिबात नाहीत. सासूबाई म्हणाल्या काकूंच्या इडलीत अजून थोडा फरक आहे, आणि आहे फरक, त्यांची जास्त हलकी असते. पण मला ही पुरे आहे.

इडलीवाली_मनीषनगर

वा! अडीच वाट्या बरोबर केलंत. ग्राइंडरवर मी चार वाट्या तांदळाला एक वाटी डाळ घेते आणि तरी मऊ होते, चांगली नवी डाळ असेल तर थोडं पुढेही जाते. मिक्सरवर तीनच्या पुढे जायचं नाही, उन्हाळ्यात अडीच. लोक ग्राइंडरचं प्रमाण मिक्सरला लावतात आणि इडली दगड झाली म्हणून तांदळाला दोष देतात.

पहाटे उठायचं नसेल तर वाटण संध्याकाळी पाचला घ्या, दहापर्यंत फुगेल, मग फ्रिजमध्ये टाकून निवांत झोपा. पीठ तयार झाल्याची खूण तुम्ही लिहिली तीच, मधे उंचवटा. मधे खड्डा पडला आणि कडेला पाणी सुटलेलं दिसलं की वेळ टळली, त्याचे डोसे किंवा उत्तप्पे करा.

एकच राहिलं, डाळीचं वय. जुनी डाळ काहीही केलं तरी फुगत नाही, ग्राइंडरमध्येही नाही. दोघींचं दुकान एक आहे म्हणून तुमच्याकडे तो प्रश्न नव्हता, पण बाकीच्यांनी बघून घ्या.

जुनी_धरमपेठ

आणि डोशाला? आमच्या नातीला डोसेच लागतात रोज.

इडलीवाली_मनीषनगर

डोशाला मिक्सरच पुरे काकू. तिथे पीठ पातळच करायचं असतं, तव्यावर पसरल्यावर हवा तशीही जाते, आणि तांदूळ बारीक वाटलेलाच लागतो. मूठभर पोहे आणि चमचाभर चणा डाळ भिजवताना घाला म्हणजे रंग येतो. फक्त डोशासाठी ग्राइंडर घेऊ नका.

मोगरा_त्रिमूर्तीनगर

मग माझं आता ठरतंय की घ्यायचा नाही. पण एक अडचण निघाली आहे, सासऱ्यांना मेदूवडा आवडतो आणि तो मिक्सरवर मला कधीच जमला नाही, पीठ पातळ होतं आणि वडा तेल पितो. ह्याच पद्धतीनं जमेल का?

इडलीवाली_मनीषनगर

खरं सांगू का, तिथे मिक्सर हरतो. वड्याच्या डाळीला पाणी जवळजवळ नाहीच, फार तर तीन-चार चमचे, आणि इतक्या कमी पाण्यात मिक्सरचं पातं फिरत नाही. बर्फाचं पाणी शिंपडून, अगदी थोडी थोडी डाळ घेऊन, बटण दाबत-सोडत केलं आणि भरपूर फेटलं तर दोन माणसांचे वडे होतात, पण वेळ जातो आणि मशीनवर ताण येतो. इडलीसाठी मी तुम्हाला ग्राइंडर घ्या म्हटलं नसतं. वडे जर दर आठवड्याला करायचे असतील तर मात्र घ्या म्हणेन.

मोगरा_त्रिमूर्तीनगर

शेजारच्या काकू नवीन टेबलावरचा घेऊन राहिल्या आहेत आणि जुना दोन लिटरचा मला कमी पैशात देतो म्हणाल्या. बरीच वर्षं वापरलेला आहे. घेताना काय बघायचं? वाइंडिंगभाऊ सांगा ना.

वाइंडिंग_इतवारी

ताई, आधी रिकामा पाच सेकंद फिरवून आवाज ऐका, घरघर एकसारखी पाहिजे, खडखड आली तर बेअरिंग गेलं. मग त्यात अर्धी वाटी भिजलेले तांदूळ आणि थोडं पाणी घालून चालवा. भांडं मधेच हळू होऊन परत जोरात फिरत असेल तर पट्टा सैल झाला आहे, तो बदलायला फार खर्च येत नाही. दोन्ही दगड स्वतःभोवती फिरतात का ते बघा, एक जरी अडकून घासत असेल तर त्याच्या मधला प्लास्टिकचा बुश झिजला आहे, आणि त्याचा काळपट चुरा पिठात जातो म्हणून तो बदलल्याशिवाय वापरू नका. भांड्याच्या तळाच्या दगडावरून बोट फिरवा, थोडा खरखरीत लागला पाहिजे. अगदी काचेसारखा गुळगुळीत झाला असेल तर डाळ रगडायला खूप वेळ लागेल, टाके घालून देणारे कारागीर आता सहज भेटत नाहीत. आणि भांडं उचलून खालची दांडी बघा, तिथे वाळलेलं पीठ आणि गंज असेल तर पाणी मोटारीकडे झिरपत आहे, मग काकूंना नाही म्हणा.